नोकरी शोधतोय, हे कळवायचं कसं आणि कुणाला

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीला होतो. आमच्या मोठ्या कस्टमरनं ट्रॅक्टर हाउसिंगची ऑर्डर दुसरीकडे वळवली आणि क्वालिटीतली बरीच माणसं एकदम जास्तीची झाली. भांडणतंटा काही झाला नाही. राजीनामा द्या, नोटीस पिरियड पुरा करा, ३१ मेला रिलीव्हिंग लेटर मिळेल, असं सरळ सांगितलं गेलं. घरी आलो, बायकोला सांगितलं आणि रात्री लिंक्डइन उघडून बसलो.

'आय अ‍ॅम लुकिंग फॉर अ जॉब' छापाच्या पोस्टी आपल्याकडे रोज दिसतात. बहुतेकांची सुरुवात जड अंतःकरणानं होते. मग कंपनीचे आभार, सहकाऱ्यांचे आभार, आणि शेवटी 'कोणतीही योग्य संधी असल्यास कळवावे'. वाचणाऱ्याला वाईट वाटतं, पण या माणसाला कुठलं काम येतं, तो कुठं जायला तयार आहे आणि कधीपासून, यातलं काहीच कळत नाही. मला तसं करायचं नव्हतं. माझी आतेबहीण पुण्यात रिक्रुटमेंटमध्ये आहे, ऑटो आणि इंजिनिअरिंगच्या कंपन्यांना माणसं शोधून देते. तिला फोन लावला आणि रविवारी तिच्या घरी जाऊन तिचं काम शेजारी बसून बघितलं.

ती म्हणाली, "दादा, पोस्ट नंतर लिही. आधी मी माणसं कशी शोधते ते बघ." तिच्याकडं रिक्रुटरचं पैसे भरून घेतलेलं खातं आहे. तिथं ती पोस्टी चाळत बसत नाही, प्रोफाइल शोधते. शोधाच्या चौकटीत तिनं हे टाकलं:

```
("supplier quality" OR SQE OR SQA) AND (casting OR foundry) AND PPAP
```

यातलं पीपॅप (PPAP) म्हणजे नवीन पार्ट पुरवायच्या आधी कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं. मग ठिकाण निवडलं, अनुभवाची वर्षं निवडली आणि नोकरी शोधत असल्याची खूण ज्यांनी लावली आहे तेवढेच वेगळे काढले. यादी आली. प्रत्येक माणसाचं नाव, त्याखालची हेडलाइन, गाव, आत्ताचं आणि आधीचं पद. तिचं बोट माऊसच्या चाकावरून हलतच नव्हतं. एकेका नावावर जेमतेम नजर टाकायची आणि पुढं जायची.

मी म्हटलं, यात मी कुठं आहे? नव्हतोच. माझं कंपनीतलं पद 'सीनियर ऑफिसर, क्यूए'. आपल्या भागातल्या कारखान्यांत ही पदं ग्रेड आणि पगाराच्या सोयीनं ठरतात. कुणी ऑफिसर, कुणी डेप्युटी इंजिनियर, कुणी असिस्टंट मॅनेजर. सांगलीबाहेरचा कुठलाही रिक्रुटर 'सीनियर ऑफिसर' असं शोधायला जाणार नाही. तो शोधतो कामाचं नाव.

पण अनुभवाच्या रकान्यातलं पद आपल्या मनानं बदलता येत नाही. तिथं रिलीव्हिंग लेटरवर येईल तेच ठेवायचं, कारण नवीन कंपनी रुजू करून घेताना पडताळणी करते आणि कागदावर एक व प्रोफाइलवर दुसरं निघालं तर हातची ऑफर जाते. बदलायची ती नावाखालची हेडलाइन. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे आणि तिथं आपण आपल्या कामाचं बाजारातलं नाव लिहू शकतो. मला जायचं होतं खरेदी करणाऱ्या कंपनीच्या बाजूला, म्हणजे सप्लायर क्वालिटीला. फाउंड्रीत बसून नऊ वर्षं मी त्याच माणसांना उत्तरं देत आलो होतो. त्यांचे प्रश्न मला पाठ होते. तरी मी स्वतः त्या पदावर काम केलेलं नाही, तेव्हा तसं भासवायचं नाही असं दोघांनी ठरवलं. शेवटी हेडलाइन अशी झाली:

```
Casting Quality Engineer | Grey & SG Iron | PPAP, 8D | Open to Supplier Quality roles
```

पहिला शब्द केलेल्या कामाचा, शेवटचा हव्या असलेल्या कामाचा. दोन्ही शोधात सापडतात आणि खोटं काही नाही. ८डी म्हणजे दोषाचं मूळ कारण शोधून कस्टमरला द्यायचा अहवाल. 'ओपन टू वर्क'च्या रकान्यात पदांची नावं वेगळी देता येतात, तिथं सप्लायर क्वालिटीची दोन-तीन नावं घातली. ठिकाणात सांगलीबरोबर कोल्हापूर आणि पुणे टाकलं. हे न टाकता नुसतं सांगली ठेवलं तर पुण्याचं ठिकाण निवडून शोधणाऱ्या माणसाच्या यादीत आपण येण्याची शक्यता कमीच, मनातून आपण उद्या पुण्याला जायला तयार असलो तरी.

'ओपन टू वर्क'ची ती फोटोभोवतीची हिरवी फ्रेम लावायची का, यावर घरात चर्चा झाली. दोन पर्याय असतात: फक्त रिक्रुटरना दिसेल असं, किंवा सगळ्यांना. माझा राजीनामा झालेला होता, लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सगळ्यांना. पण नोकरीत असताना गुपचूप शोधणाऱ्यानं पहिलाच पर्याय घ्यावा आणि तोही डोळे उघडे ठेवून. आपल्याच कंपनीच्या रिक्रुटरना ते दिसू नये याची काळजी लिंक्डइन घेतं, पण हमी देत नाही. शिवाय सांगली-कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांत माणसं पुरवणारे कन्सल्टंट मोजकेच. जो तुमची प्रोफाइल बघतो त्याचाच तुमच्या एचआरबरोबर रोजचा चहा असतो. (फ्रेम लावल्यावर पहिला फोन रिक्रुटरचा नाही, तासगावहून सासऱ्यांचा आला. भाच्यानं दाखवलं होतं. "जावईबापू, ते फोटोला हिरवं काय लागलंय?")

प्रोफाइल झाल्यावर पोस्ट. मग पोस्ट हवी कशाला, प्रोफाइलवरच माणसं मिळत असतील तर? बहिणीचं उत्तर मला पटलं. रिक्रुटर प्रोफाइल शोधतात, पण सगळ्या जागा रिक्रुटरकडं जात नाहीत. प्लांटचा क्वालिटी हेड स्वतः माणूस शोधत असतो, एचआरला जागा अजून कळवलेलीही नसते. तो शोधाच्या चौकटीत काही टाकत नाही. त्याच्या ओळखीच्या कुणीतरी आपल्या पोस्टवर काही लिहिलं तर ती पोस्ट त्याच्यासमोर येऊ शकते. म्हणजे पोस्ट लिहायची ती या माणसासाठी, आणि ती त्याच्यापर्यंत नेणाऱ्या मधल्या माणसासाठी.

मोबाइलवर पोस्टच्या सुरुवातीच्या साधारण तीन ओळी दिसतात, बाकीचं 'मोअर' दाबल्यावर. ते दाबायचं की नाही हे त्या तीन ओळींवर ठरतं. पोस्ट इंग्रजीत होती, मराठीत सांगायचं तर सुरुवात अशी: 'कास्टिंग क्वालिटी इंजिनियर, ग्रे आणि एसजी आयर्न, नऊ वर्षं. सप्लायर क्वालिटीचं काम शोधतोय. सांगली, कोल्हापूर किंवा पुणे. १ जूनपासून रुजू होऊ शकतो.' बस. भावना नाहीत, नमस्कारही नाही. बहिणीनं 'इमिजिएट जॉइनर' लिहायचं सुचवलं होतं, कारण तीन-तीन महिन्यांच्या नोटीसला कंपन्या कंटाळल्यात आणि हा शब्द बघून डोळे चमकतात. पण पोस्ट महिनाभर फिरत राहते. 'पंधरा दिवसांत' लिहिलं तर कुठल्या पंधरा दिवसांत हे वाचणाऱ्याला कळत नाही. तारीख लिहिली की प्रश्न संपतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कामाच्या एका ओळीवर. मी लिहिलं होतं, 'रिजेक्शन पन्नास टक्क्यांहून जास्त कमी केलं.' आमच्या क्वालिटी हेड साहेबांना दाखवलं. ते अजून कंपनीतच होते, आणि नंतर माझा रेफरन्सही त्यांनीच दिला. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "कुठलं रिजेक्शन? घरातलं का कस्टमरकडचं? नगावर का वजनावर?"

फाउंड्रीच्या बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. कास्टिंग बाद होतं ते आपल्याच शॉपमध्ये तपासणीत, किंवा कस्टमरच्या मशीन शॉपमध्ये कातल्यावर. पहिलं आपण टक्क्यांत मोजतो, दुसरं दहा लाखांत किती, म्हणजे पीपीएममध्ये. आणि टक्के काढताना काही फाउंड्र्या नग मोजतात, काही टन. मोठे जड नग जास्त बाद होत असतील तर वजनावरचा आकडा मोठा दिसतो, छोटे होत असतील तर नगावरचा. तेव्हा नुसतं 'पन्नास टक्के' म्हणणाऱ्यावर या धंद्यातला माणूस विश्वास ठेवत नाही. त्याला वाटतं, सोयीचा आकडा उचललाय.

माझी गोष्ट अशी होती. एका प्रकारच्या हाउसिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे गॅस अडकून राहिलेल्या पोकळ्या, येत होते, शंभरात साधारण सहा-साडेसहा नग त्यातच जायचे. सगळ्यांचा संशय वाळूच्या ओलाव्यावर. बाद नग कापून बघितले तर पोकळ्या आतून गुळगुळीत, आणि प्रत्येक नगात त्याच जागी, कोअरच्या वरच्या अंगाला. कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून मोल्डमध्ये ठेवतात तो वाळूचा गाभा. मोल्डच्या ओल्या वाळूमुळं असतं तर अशी एकच जागा धरून बसले नसते. गॅस कोअरमधून येत होता. कोअर शॉपमध्ये दिवसभर उभा राहिलो तेव्हा दिसलं की कोटिंग केल्यावर कोअर ओव्हनमध्ये इतके दाटीनं लावतात की मधले ओलेच बाहेर येतात. ओव्हनचा काटा मात्र बरोबर तापमान दाखवतो. शिवाय कोटिंग व्हेंटमध्ये, म्हणजे कोअरमधला गॅस बाहेर जायच्या भोकात, जाऊन ती बुजत होती. ट्रॉलीवर कोअर किती लावायचे ते ठरवलं, व्हेंट मोकळी आहे का हे तार घालून बघायची तपासणी कंट्रोल प्लॅनमध्ये घातली. पुढच्या सहा महिन्यांत तो आकडा तीनाच्या खाली आला.

एवढं सगळं पोस्टमध्ये मावत नाही. ३,००० अक्षरं चालतात, पण म्हणून वापरायची नसतात. साहेबांनी आणखी एक बजावलं: कस्टमरचं नाव, पार्टचं नाव आणि महिन्याचं उत्पादन लिहू नको, ती माहिती आपली नाही. टक्के लिहायला त्यांनी हरकत घेतली नाही. शेवटी ओळ झाली ती अशी: 'एका एसजी आयर्न हाउसिंगमधलं ब्लो होलचं इन-हाउस रिजेक्शन सहा महिन्यांत ६.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर (नगांवर मोजलेलं). कारण वाळू नव्हती, न वाळलेलं कोअर कोटिंग आणि बुजलेली व्हेंट होती. कोअर शॉपच्या टीमसोबत.' यातलं 'कारण वाळू नव्हती' हे साहेबांचं. म्हणाले, "हे वाचून फाउंड्रीवाला थांबतो. वाळूला सगळेच शिव्या देतात."

ही ओळ लिहिण्यात दुसराही हिशोब होता. ज्याला अशा कामाशी देणंघेणं नाही तो ती वाचून पुढं जाईल. जाऊ दे. मला इन्शुरन्सच्या सेल्सची जागा नको होती, आणि 'क्वालिटी' म्हणजे सॉफ्टवेअर टेस्टिंग समजणाऱ्यांचे मेसेजही नकोत. कुणी यावं यापेक्षा कुणी येऊ नये हे अशा ओळीनं जास्त ठरतं.

पगार पोस्टमध्ये लिहिला नाही. चालू सीटीसी आणि अपेक्षित सीटीसी फोनवर पहिल्या दोन मिनिटांत विचारतातच, तेव्हा उत्तर तयार ठेवायचं. पण जगासमोर आकडा टाकला की वाटाघाट आपणच संपवलेली असते. सीव्हीची पीडीएफही जोडली नाही, कारण तिच्यावर मोबाइल नंबर, घरचा पत्ता, जन्मतारीख सगळं असतं. मात्र संपर्काचा काहीतरी मार्ग द्यावाच लागतो. ओळखीत नसलेल्या माणसाला साध्या खात्यावरून तुम्हाला थेट मेसेज करता येत नाही, आधी कनेक्शनची विनंती पाठवून बसावं लागतं. प्लांटच्या मॅनेजरला एवढा वेळ नसतो. म्हणून नोकरीपुरता वेगळा ईमेल काढून तो शेवटच्या ओळीत दिला.

त्या ईमेलवर पहिल्यांदा आले ते फसवे. कुठल्या तरी मोठ्या कंपनीचं नाव, पत्ता मात्र फुकटच्या मेलसेवेचा, मुलाखत न घेताच 'निवड झाली आहे', आणि कागदपत्रांच्या पडताळणीसाठी परत मिळणारी रक्कम भरा. खरा रिक्रुटर उमेदवाराकडून पैसे घेत नाही, त्याला कंपनी देते. पैशाचा विषय निघाला की तिथंच थांबायचं. एक-दोन मेल शंकास्पद वाटले तेव्हा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर ती जागा आहे का ते बघितलं आणि तिथल्या नंबरवर फोन करून विचारलं.

आता कमेंटचं. पोस्ट टाकली की मित्रमंडळी 'ऑल द बेस्ट' लिहितात, नाहीतर 'सीएफबीआर' हा मंत्र लिहून जातात, म्हणजे पोस्ट जास्त लोकांपर्यंत जावी म्हणून केलेली कमेंट. त्यांच्या मनात चांगलंच असतं. पण माझा वालचंदचा बॅचमेट आयटीत आहे. त्याच्या कमेंटमुळं पोस्ट पोचणार ती आयटीतल्याच लोकांपर्यंत. म्हणून पोस्ट टाकायच्या आदल्या संध्याकाळी मी कस्टमरकडचे जुने इन्स्पेक्टर, पॅटर्न शॉपचे मालक आणि आमचे साहेब अशा मोजक्या माणसांना फोन केले. एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी पोस्ट टाकतोय. माझ्याबरोबर काम करताना जे दिसलं ते एका वाक्यात लिहाल का? चांगलंच लिहा असं नाही."

ते इन्स्पेक्टर एकेकाळी आमच्या डोक्यावर बसलेले असायचे. त्यांनी लिहिलं, 'याच्याकडून आलेल्या ८डीमध्ये ऑपरेटरला समज दिली असं कारण कधी वाचलं नाही.' बाहेरच्याला हे कौतुक वाटणार नाही. पण सप्लायर क्वालिटीत काम करणाऱ्या प्रत्येकानं 'ऑपरेटरला समज दिली' हे उत्तर इतक्या वेळा वाचलेलं असतं की ते वाक्य त्याच्या काळजाला भिडतं. त्या इन्स्पेक्टरांच्या ओळखीतले बहुतेक लोक माझ्याच क्षेत्रातले, आणि त्यांच्यातूनच कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या सप्लायर क्वालिटी प्रमुखांचा मेल आला. दोनच ओळींचा: 'कास्टिंग आम्ही बाहेरून घेतो. शनिवारी येऊ शकाल का?'

मधल्या काळात रिक्रुटरचे फोनही आले, आणि ते बहुतेक प्रोफाइलवरून. पुण्याच्या एका फोर्जिंगवाल्यांचा आला. काम चांगलं होतं, पण मला फोर्जिंगचा अनुभव नाही हे मी पहिल्यांदाच सांगितलं. शिरवळच्या एका कारखान्याची जागा पूर्ण मशिनिंगची निघाली. अशा रिक्रुटरना नाही म्हणताना मी कारण सांगत गेलो आणि ज्याला ते काम जमेल अशा माणसाचं नाव, त्याला विचारून, दिलं. त्यातले काही नंतर योग्य जागा घेऊन परत आले.

कागलला मुलाखतीत त्या सप्लायर क्वालिटी प्रमुखांनी पोस्टची प्रिंट समोर ठेवली होती. ६.४ आणि २.७ खाली पेनानं रेघ मारलेली. पहिला प्रश्न: "२.७ वर का थांबला? राहिलेलं कशामुळं?" मी सांगितलं की उरलेल्यात बरेचसे ओतायच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या नगांत होते, तापमान पडल्यामुळं असावेत असा अंदाज होता, पण ते तपासायच्या आत ऑर्डरच गेली. मग त्यांनी ओव्हनमधल्या ट्रॉलीची रचना कागदावर काढायला लावली. पुढचा पाऊण तास फाउंड्रीच्याच गप्पा झाल्या. पीपॅपच्या कागदांबद्दल शेवटी उभ्या उभ्या विचारलं.

ऑफर लेखी हातात आल्यावर, आधी नाही, फ्रेम काढली आणि 'ओपन टू वर्क' बंद केलं. तोंडी होकारावर हे करायचं नाही असं बहिणीनं बजावलं होतं, कारण तोंडी ठरलेल्या जागा बजेट अडकलं म्हणून शेवटच्या आठवड्यात मागं गेलेल्या तिनं पाहिल्यात. पोस्ट मात्र पुसली नाही. तिच्यावरून अजून लोक येत होते, म्हणून संपादन करून वर एक ओळ जोडली: 'मला काम मिळालंय. आमच्या कोअर शॉपचे दोन सुपरवायझर अजून शोधात आहेत, त्यांची लिंक्डइनवर खाती नाहीत, याच ईमेलवर विचारा.' त्यातल्या एकाला शिरोलीच्या फाउंड्रीतून बोलावणं आलं. दुसऱ्याला मिरजेच्या बाहेर जायचं नाही, त्याच्यासाठी बघणं चालू आहे.